नावाच्या रकान्यातली रेघ

सरस्वतीपुरममधल्या माझ्या खोलीत आजवर अनेकांचे जन्म येऊन गेले आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, फाइलीत, वर्तमानपत्राच्या घडीत, आणि हल्ली बहुतेक वेळा फोनवर काढलेल्या तिरक्या फोटोत. मैसूरमध्ये मराठीतून जर्मनमध्ये भाषांतर करणारी बाई आहे हे ज्याला कळतं त्याला ते कुणाच्या तरी ओळखीनंच कळतं. मी मानसगंगोत्रीच्या परिसरात जर्मन शिकवत असे, त्या ओळखी अजून पुरतात. सांगली-कोल्हापूरकडची मुलं इथे नोकरीच्या प्रशिक्षणाला येतात, काही इथेच राहतात, आणि त्यांतली काही जर्मनीला जायला निघतात. निघताना त्यांच्या लक्षात येतं की आपला जन्म मराठीत झालेला आहे.

तिचं खरं नाव मी लिहीत नाही. सोयीसाठी वैशाली म्हणू, वडील दत्तात्रय, आडनाव पाटील. मिरज तालुक्यातलं गाव, जन्म १९९४चा. जर्मनीतल्या एका गावात, तिथल्याच मुलाशी तिला लग्न करायचं होतं, आणि तिथल्या श्टांडेसआम्टनं, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कचेरीनं, जन्माचा दाखला आणि त्याचं जर्मन भाषांतर मागितलं होतं. तिनं टेबलावर जो कागद ठेवला तो पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला आणि हातानं भरलेला होता. मी वाचत गेले. जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचं नाव, वडिलांचं नाव. आणि सगळ्यात वर, बाळाच्या नावाच्या रकान्यात, एक आडवी रेघ.

"हा माझाच आहे ना मॅडम?" तिनं विचारलं. घरात तिनं तो कधी नीट वाचलाच नव्हता.

आपल्याकडे यात नवल काहीच नाही. जन्म झाल्यावर एकवीस दिवसांच्या आत वर्दी द्यायची असते, बारसं बाराव्या दिवशी. घाईचा बाप चौथ्या-पाचव्या दिवशीच ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करून येतो, तेव्हा बाळाला नावच नसतं. मुलगी, आईबाप, तारीख, एवढं लिहिलं जातं. नाव नंतर घालता येतं, कायद्यात त्याची सोय आहे, पण ते घालायला पुन्हा कोण जातो? शाळेत नाव घालायची वेळ आली की जातात. जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीनं मात्र तो कागद कुठल्याही पाटलांच्या कुठल्याही मुलीचा असू शकतो.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट होती, आणि हातानं लिहिलेल्या जुन्या दाखल्यांत ती वारंवार येते. नोंदणीची तारीख ११ मार्च होती की १९ मार्च? घाईत काढलेल्या मराठी १ आणि ९मध्ये फरक असतो तो फक्त शेपटीच्या वळणाचा, आणि ग्रामसेवकाच्या अक्षरात दोन्ही शेपट्या एकाच दिशेला गेल्या होत्या. जन्म ५ मार्चचा. बारसं सोळा-सतरा मार्चच्या सुमारास झालं असणार. नोंद १९ला झाली असती तर बापानं नाव सांगितलंच असतं. रकान्यात रेघ आहे, म्हणजे ११. मला ते पटलं, पण पटणं म्हणजे वाचणं नव्हे. असा तर्क भाषांतरात घालायचा नसतो. अंक लागत नसेल तर चौकोनी कंसात 'वाचण्यास कठीण' असं जर्मनमध्ये लिहायचं आणि पुढे जायचं. मी तिला सांगितलं की या कागदाचं भाषांतर मी करणार नाही, आधी नवी प्रत आणा.

नवी प्रत मागण्यामागे आणखी एक कारण असतं. भारत २००५मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात सामील झाला, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवला. त्यामुळे दिल्लीत मिळणारं ते अपोस्टिलचं चौकोनी प्रमाणन दाखल्यावर असलं तरी जर्मन कचेरीपुढे ते पुरेसं ठरत नाही. संशय आला तर ती कचेरी भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी करून घेते. वकिलातीनं नेमलेला एक वकील प्रत्यक्ष ग्रामपंचायतीत जातो, मूळ नोंदवही उघडून बघतो, गावात चौकशी करतो. त्यात महिने जातात आणि खर्च अर्जदाराचा. म्हणून घरातल्या पिवळ्या कागदात काय आहे याला महत्त्व नाही, नोंदवहीत आज काय आहे याला आहे. भाषांतरकारानं गोड हातानं काही झाकलं असेल तर तेही त्या दिवशी उघडं पडतं.

तिचे काका ग्रामपंचायतीत गेले. तीन आठवड्यांनी नवी प्रत आली, छापील, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. वर राजमुद्रा, खाली जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९च्या कलमांचा आणि महाराष्ट्राच्या २०००च्या नियमांचा उल्लेख. (१९६९ हे आमच्या मैसूरच्या भारतीय भाषा संस्थेच्या स्थापनेचंही वर्ष. एकाच वर्षी सरकारनं भाषा मोजायला घेतल्या आणि माणसंही, असं मी वर्गात म्हणायची, मुलं हसायची नाहीत.) नोंदणीची तारीख ११/०३/१९९४. नावाच्या रकान्यात आता नाव होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं की बाळाचं नाव दि. १२/०६/२००१ रोजी दाखल केलं. पहिलीत जाताना.

लोकांना वाटतं की दाखल्याच्या भाषांतरात शब्द ते काय असणार, पाच-पन्नास. खरंच तेवढेच असतात. पण त्यातला प्रत्येक शब्द दोन वेगळ्या कचेऱ्यांतून चालत आलेला असतो. 'जन्म प्रमाणपत्र' याला जर्मनमध्ये गेबुर्ट्सउरकुंडे म्हणावं हे सरळ वाटतं. पण दाखला स्वतःच सांगतो की खालील माहिती मूळ अभिलेखाच्या नोंदवहीतून घेतली आहे, आणि जर्मनीत जन्माचा दाखला वेगळा आणि नोंदवहीचा प्रमाणित उतारा वेगळा, दोन स्वतंत्र कागद आहेत. मी शीर्षकाला गेबुर्ट्सउरकुंडेच वापरते, कारण मथळा तसा आहे, आणि उताऱ्याचं वाक्य जसंच्या तसं खाली येतं. शीर्षक सुधारणं हे माझं काम नाही.

सहीच्या जागी होतं: ग्रामसेवक तथा निबंधक, जन्म-मृत्यू. हा 'तथा' कचेरीबाहेर कुणी बोलत नाही. इथे त्याचा अर्थ 'आणि' एवढाच नाही, 'तोच माणूस या दुसऱ्या नात्यानं' असा आहे. नुसतं 'आणि' लिहिलं तर जर्मन वाचणाऱ्याला दोन अधिकारी दिसतात आणि सही एकच, मग तो दुसरी सही शोधत बसतो. मी 'आणि त्याच वेळी' या अर्थाचा शब्द घालते. ग्रामसेवक तसाच ठेवते, फक्त लिपी बदलून, आणि पुढे कंसात ग्रामपंचायतीचा सचिव असं एकदाच सांगते.

पत्त्यातल्या 'मु. पो.'वर एकदा मी अर्धा दिवस घालवला होता. मुक्काम आणि पोस्ट एकच असल्याचं ते दोन अक्षरांतलं निवेदन आहे, आणि जर्मन पत्त्यात त्याला जागाच नाही. आता मी 'गाव आणि टपाल कार्यालय' असं पूर्ण लिहिते, 'ता.' आणि 'जि.'सुद्धा पूर्ण फोडते. तारखा मात्र तिकडच्या पद्धतीनं, ठिपके देऊन: `05.03.1994`. दिवस आधी, महिना नंतर हा क्रम आपला आणि त्यांचा सारखाच, हे एक सुख. जुन्या दाखल्यांत तारीख अक्षरी असते तेव्हा दुसरं सुख मिळतं. चौऱ्याण्णव म्हणताना मराठी माणूस आधी चार म्हणतो आणि मग नव्वद, जर्मन माणूसही तसंच म्हणतो. इंग्रजीतून जाणारा त्या वळणावर अडखळतो, आपण नाही.

रिकाम्या जागांचीही भाषा असते. रकाना कोरा असणं, रकान्यात रेघ असणं आणि रकान्यात 'निरंक' लिहिलेलं असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निरंक म्हणजे अधिकाऱ्यानं पाहिलं आणि नोंदवण्यासारखं काही नाही असं लिहून ठेवलं. रेघ म्हणजे बहुधा तेच, पण बहुधा. कोरा म्हणजे कुणी काही म्हटलेलंच नाही. भाषांतरात तिन्ही वेगळे दिसले पाहिजेत. गोल शिक्का असेल तर गोल शिक्का, त्यातली अक्षरं, पुसट असेल तर पुसट, सही लागत नसेल तर 'सही: अवाच्य', हे सगळं कंसात येतं. दाखल्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असते, प्रत्येक जन्म आणि मृत्यूची नोंद झाल्याची खात्री करा अशा अर्थाची. माझे एक विद्यार्थी ती गाळायचे, जाहिरातच आहे म्हणून. ती गाळता येत नाही. वाचणारा अधिकारी ओळी मोजतो. मूळ कागदात शाई आहे तिथे भाषांतरात काहीतरी असावं लागतं.

हे सगळं तासा-दोन तासांचं काम. खरी अडचण नावांची होती.

वैशालीच्या पासपोर्टवर आडनावाच्या जागी पाटील आणि नावाच्या जागी दोन शब्द होते, तिचं आणि वडिलांचं. तळाच्या यंत्रवाचनाच्या ओळीत ते असं दिसतं:

```
PATIL<<VAISHALI<DATTATRAY
```

नव्या दाखल्याच्या इंग्रजी भागात वडील होते `Dattatraya`. शेवटी एक `a` जास्त. ग्रामपंचायतीतल्या संगणकावर बसलेल्या मुलानं मराठीत 'दत्तात्रय' वाचलं आणि त्याच्या मते जसं हवं तसं इंग्रजीत टंकलं, त्यात त्याची चूक काय? पण जर्मन कचेरीसाठी एका `a`नं माणूस बदलतो.

इथे नियम माहीत असावा लागतो. परक्या लिपीतलं नाव जर्मन नोंदवहीत चढवताना, त्या देशाच्या एखाद्या सरकारी कागदावर ते रोमन अक्षरांत असेल, म्हणजे मुख्यतः पासपोर्टवर, तर ते स्पेलिंग धरायचं. असा कागद नसेल तर आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अक्षरशः लिप्यंतर करायचं, आणि देवनागरीसाठी ते प्रमाण आहे `ISO 15919`. हे प्रमाण विद्वानांनी विद्वानांसाठी केलेलं आहे. त्यात प्रत्येक अक्षरातला 'अ' लिहावा लागतो, आपण तो उच्चारत असू किंवा नसू. त्यामुळे पाटीलचं `Pāṭīla` होतं, कुलकर्णीचं `Kulakarṇī`. लेकीचा पासपोर्ट आहे म्हणून ती `Patil`. आई कधी मिरज-सांगलीबाहेर गेली नाही, तिचा पासपोर्ट नाही, म्हणून आई `Sumana Dattātraya Pāṭīla`. एकाच पानावर माय-लेकींची आडनावं वेगळी.

अशाच एका प्रमाणानं एकदा युरोपच्या न्यायालयापर्यंत मजल मारली होती. जर्मनीत आल्टेनश्टाइग नावाच्या गावात मालिश करणारा एक ग्रीक माणूस होता, ख्रिस्तोस कोन्स्टांटिनिडिस. लग्नाच्या नोंदीत त्याचं आडनाव वेगळं लागलं होतं, ते पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करा म्हणून तो गेला, आणि कचेरीनं ग्रीक लिपीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण लावून त्याला 'ह्रेस्टोस कोन्स्टांटिनिडेस' करून टाकलं. त्याचं म्हणणं साधं होतं: हे माझं नाव नाही, गिऱ्हाइकं गोंधळतील. ३० मार्च १९९३ रोजी न्यायालयानं निकाल दिला की उच्चार विकृत होऊन गिऱ्हाइकांचा गोंधळ होण्याचा धोका निर्माण होत असेल तर असं लिप्यंतर लादता येणार नाही. वैशालीच्या आईला अर्थातच गिऱ्हाइकं नाहीत, आणि ती युरोपीय देशाची नागरिकही नाही, म्हणून तो निकाल तिला लागू होत नाही. तरी हे प्रकरण मी प्रत्येकाला सांगते. नावावर भांडायला गेलेला माणूस वेडा नसतो, एवढं तरी त्यांना समजावं.

उपाय साधा निघाला. आईच्या आधार कार्डावर रोमन अक्षरांत `Suman Dattatray Patil` होतं. त्याची प्रत सोबत ठेवायची, आणि भाषांतरात नावापुढे टीप द्यायची की हे स्पेलिंग दाखवलेल्या ओळखपत्रानुसार आहे. वडिलांचा जास्तीचा `a` मात्र मी काढला नाही. दाखल्याच्या इंग्रजी भागात तो आहे, म्हणून टिपेत आहे. मराठी भाग 'दत्तात्रय' म्हणतो, पासपोर्ट अमुक म्हणतो, दाखल्याचा इंग्रजी भाग तमुक म्हणतो, तिन्ही एकाखाली एक. पंधरा वर्षांपूर्वी मी एका मुलाच्या दाखल्यातलं असंच एक अक्षर गुपचूप 'दुरुस्त' केलं होतं, मदत म्हणून. पुढे त्याच्या कागदाची पडताळणी झाली, नोंदवहीत वेगळं निघालं, आणि भाषांतर खोटं म्हणून सगळी फाइल परत आली. त्याचा प्रवेश गेला. त्यानं मला कधी बोल लावला नाही, हेच जास्त लागलं.

आणि तसंही, माझ्या सहीला तिकडे वजन नाही. भारतात शपथबद्ध भाषांतरकार अशी सरकारी व्यवस्था नाही. जर्मनीत आहे, न्यायालयापुढे शपथ घेतलेले लोक आहेत, त्यांची यादी `justiz-dolmetscher.de` या ठिकाणी बघता येते, आणि श्टांडेसआम्टला बहुतेक वेळा त्यांचाच शिक्का हवा असतो. इंग्रजीचे असे भाषांतरकार भरपूर, मराठीचे फार थोडे. म्हणून दाखला द्विभाषी असला की लोक इंग्रजीवरून जर्मन करून घेतात आणि सुटतात. मग दाखल्यातलं मराठी कुणी वाचतच नाही. वैशालीच्या बाबतीत शेरा फक्त मराठीत होता, आणि नाव सात वर्षांनी का आलं ते त्या शेऱ्यातच होतं. म्हणून मराठीचीच शपथ घेतलेल्या एका बाईंना आम्ही गाठलं. मूळच्या पुण्याच्या, चाळीस वर्षं तिकडे. मी कच्चा मसुदा पाठवला. त्यांनी तो ओळीनं तपासला, कारण शिक्का त्यांचा आणि अचूकतेची हमीही त्यांची.

फोनवर आमचं एका शब्दावरून वाजलं. निबंधकासाठी मी नोंदवही सांभाळणारा अशा अर्थाचा शब्द वापरला होता. "अहो, सरळ श्टांडेसबेआम्टे लिहा ना," त्या म्हणाल्या, "त्यांना कळेल तरी."

"ताई, पण तो त्यांचा अधिकारी झाला. आपला ग्रामसेवक घरपट्टीही वसूल करतो."

"घरपट्टी त्यांना कुठे दिसतेय?"

शेवटी माझा शब्द राहिला. पण त्यांनी एका ठिकाणी मला बरोबर पकडलं. तिकडच्या अर्जात आईचं गेबुर्ट्सनामे विचारलं होतं, म्हणजे जन्माचं आडनाव, माहेरचं. वैशालीनं ते मला सांगितलं होतं आणि मसुद्यात आईच्या नावापुढे मी कंसात घातलं होतं. "हे दाखल्यात कुठे आहे?" ताईंनी विचारलं. नव्हतं. आपल्या दाखल्यात आईचं नाव सासरचंच असतं. इतरांना जे शिकवते ते मी स्वतः विसरले होते. कंस काढला.

मग माहेरचं नाव सिद्ध कशानं करायचं? आईचा शाळा सोडल्याचा दाखला. वैशालीनं माझ्या खोलीतूनच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तिकडे पेटी उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ कागद चाळले गेले.

"सापडला," आई म्हणाली. "पण यात सुमन नाही बरं का. सिंधू आहे."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवऱ्यानं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून सुमन. मुलीला हे माहीत नव्हतं. मामा तिला 'सिंधे' म्हणायचे ते लाडाचं नाव असेल असं ती धरून चालली होती.

जर्मन अर्जात गेबुर्ट्सनामेला एकच जागा असते आणि ती आडनावासाठी. बाईचं पहिलं नावही लग्नात बदलू शकतं हे त्या छापील चौकटीत कुठेच बसत नाही. त्यासाठी वेगळा कागद लागतो, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झालेला असेल तर उत्तमच. आईचा झालेला नव्हता, कुणाचाच होत नाही. मिरजेत स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र झालं. ते इंग्रजीत करून घेतलं, म्हणजे माझं एक काम वाचलं. सिंधूचं स्पेलिंग त्यांनी `Sindhu` केलं, आणि आम्हीही तेच धरलं. एवढ्या सगळ्यात एक नाव बिनतक्रार जुळलं.

पाच महिन्यांनी वैशालीचा निरोप आला. कचेरीनं सगळं मान्य केलं होतं, पडताळणीला न पाठवता. आता त्यांनी तिला विचारलं होतं की पासपोर्टाप्रमाणे तुमची दोन्ही पहिली नावं नोंदवायची का, कारण दत्तात्रय हे पुरुषाचं नाव दिसतं. परक्या पद्धतीचं नाव जर्मन पद्धतीत बसवून घेण्याची तिथल्या कायद्यात एक तरतूद आहे, पण तिथला कायदा तुम्हाला लागू झाला तरच. मी तिला ते समजावलं आणि सांगितलं, आत्ता पासपोर्टात आहे तेच राहू दे, लग्न होऊन जाऊ दे.

"म्हणजे तिकडे मला दवाखान्यात दत्तात्रय म्हणून हाक मारतील?"

"मारू शकतील."

"बाबांना सांगते," ती म्हणाली. "हसतील."